रिकाम्या हुकावरचा लाल बोर्ड

आमच्या ह्यांना घेऊन कुठे जायची सोय राहिलेली नाही. माझ्या भावाची मुलगी लावण्या, तिच्या लग्नाची गोष्ट. तंजावुरातलं चांगलं मोठं मंगल कार्यालय, पान वाढलेलं, सांबाराची वाफ येतेय, आणि हा माणूस पानावरून उठला! उठला तो थेट स्टेजच्या मागे गेला. तिथे झेंडूच्या माळांचा पडदा सोडलेला होता, तो वर करून बघत बसला. मागे दार होतं आणि दाराच्या डोक्यावर धावणाऱ्या माणसाचा हिरवा बोर्ड. "बाहेर जायची वाट झाकलीत तुम्ही!" म्हणून सजावटवाल्याशी तमिळमध्ये कडाकड भांडण. विहीणबाई माझ्याकडे बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ते भांडण मी सोसलं असतं. मला घाबरवलं ते पुढच्या गोष्टीनं. परत येताना भिंतीवरच्या लाल चौकोनाजवळ ते थांबले. त्या चौकोनावर पांढऱ्या रंगात नळकांड्याचं चित्र असतं, म्हणजे आग विझवायचं नळकांडं इथे आहे. खाली नळकांडं होतंही. त्याला हात लावून पाहिला आणि मग हळू आवाजात, तिथे कोणी नसताना, म्हणाले, "आहे रे. आहे इथे. तू जा आता."

मला माहीत होतं कोणाशी बोलतायत ते.

आमचे बाळकृष्णराव तिरुवैयारूच्या रस्त्यावरच्या एका भाताच्या गिरणीत सेफ्टीचं काम बघायचे. एकवीस वर्षं. गिरणीतले सगळे बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेले. कामगारांत कोणी शिकलेला, कोणी नाही, काही तर पार बिहारहून आलेले. हे म्हणायचे, चित्राला भाषा लागत नाही. आमचंच बघा ना, पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेले मराठे आम्ही, घरात मराठी बोलतो पण देवनागरी अक्षर लावता येत नाही. मला हे सगळं घरबसल्या पाठ झालंय. पिवळा त्रिकोण दिसला की सावध, आत ज्वाळा असेल तर पेट घेणारं काही आहे, वीज असेल तर शॉक. लाल गोल आणि आडवी रेघ, म्हणजे हे इथे करायचं नाही. निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे, हेल्मेट घाला, चष्मा लावा. हिरवं म्हणजे बाहेरची वाट. एकदा मी चिडून स्वयंपाकघराच्या दारावर आडव्या रेघेचा लाल गोल काढून आत त्यांचं नाव लिहिलं होतं. तेव्हा हसायचे ते.

कामगारांना शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "नळकांडं शोधत बसू नका. लाल बोर्ड शोधा. बोर्ड खोटं बोलत नाही." गिरणीचा मेकॅनिक सुब्रमण्यम हे वाक्य त्यांच्याच आवाजात नक्कल करून म्हणायचा. सगळी गिरणी हसायची.

मग ती खंडेनवमी आली. इथे सगळे तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी पाना, हातोडी, वजनकाटा, मोटार, सायकल, जे जे म्हणून हत्यार, त्याला चंदन-कुंकू लागतं. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही. गिरणीची पद्धत अशी की नळकांडीसुद्धा हत्यारंच. दरवर्षी आमचे हे आठही नळकांडी हुकावरून काढायचे, ऑफिसात देवापुढे ओळीनं उभी करायचे, प्रत्येकाला माळ. मीसुद्धा होते की तिथे! कुंकू लावायला मीच होते. चार बोटांनी गंध ओढलं मी त्या लाल नळकांड्यांना. एकवीस वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही, की बोर्ड भिंतीवरच राहिलेत.

दुपारी आम्ही ऑफिसात चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, वाटत होतो. तुसाच्या शेडमध्ये ठिणगी पडली आणि तिथे एकटा सुब्रमण्यम होता. तो धावला तो लाल बोर्डाकडे, शिकवलं होतं तसं. हूक रिकामा. तो बोर्ड दाराला लागूनच होता हो! वर हिरवा माणूस, एक पाऊल टाकलं असतं की अंगणात. पण बोर्ड खोटं बोलत नाही ना! हा नाही तर पुढचा, म्हणून तो आत दुसऱ्या बोर्डाकडे गेला. तोही रिकामा. मग तिसरा. तिथे धुरानं गाठलं त्याला.

दोनच दिवस जगला हॉस्पिटलात. हे उशाशी बसलेले. त्यानं एकच सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, रिपोर्ट दिल्यासारखं. "तिन्ही बोर्डांकडे गेलो, अण्णा."

पोलिसांनी यांना दोष दिला नाही. गिरणीची पद्धतच तशी, सगळ्यांनी मिळून केलेलं. पण यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांना तो दिसतो. कुठल्याही लाल बोर्डाखाली, पाठमोरा, हात वर करून हुकाकडे नेलेला. बँकेत, सिनेमाला, डॉक्टरकडे. मी डॉक्टर केले, दुखणी बरी करणाऱ्या देवाच्या देवळात, वैदीश्वरन कोविलला, जाऊन आले, नवस बोलले. तो हात काही खाली येत नव्हता.

दोन वर्षं घरी बसल्यावर अमरसिंहरावांनी बोलावलं. आमच्याच लोकांपैकी, जमीनजुमलेवाले. त्यांचा काथ्याचा कारखाना आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढायचा आणि गासड्या बांधायच्या. वाळलेला काथ्या आणि त्याचा भुसा, पेटायला निमित्तच हवं. मी म्हटलं, नका जाऊ. हे म्हणाले, "तिथे अखिला कामाला लागलीय." अखिला म्हणजे सुब्रमण्यमची बायको. मी डबा भरून दिला.

आता अखिलाचं सांगते. ती यांच्यावर कधी ओरडली नाही. पहिल्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "अण्णा, हे बोर्ड खरे आहेत का?" यांनी सगळ्यांना गोळा केलं, शेडमधले दिवे बंद केले. अंधारात चकाकणारे हिरवे बोर्ड तेवढे दिसत होते. बाणाच्या मागे मागे सगळे चालत बाहेर अंगणात आले. अखिला मात्र आली नाही. ती अंधारात एकेक लाल बोर्ड शोधून त्याखाली हात लावून बघत होती. नऊ होते. नऊही नळकांडी लागली हाताला, मग आली.

आणि पुन्हा खंडेनवमी आली. आदल्या दिवशी कारखान्याचा फोरमन, सुंदर त्याचं नाव, हातगाडी घेऊन हजर. "नळकांडी द्या, पूजेला मांडतो." हे म्हणाले, एकही हुकावरून निघणार नाही. अहो, काय गहजब! पूजा चुकली तर हत्यार उलटतं, वर्षभर अपघात होतात, अशी कामगारांची समजूत. अमरसिंहराव तडक आले. "बाळकृष्णराव, एका दिवसानं काय होतं? माझी माणसं उद्यापासून यंत्राला हात लावणार नाहीत."

"एका दिवसानं काय होतं ते अखिलाला विचारा," हे म्हणाले. आवाज चढलासुद्धा नाही. "नाहीतर माझा हिशेब करा आणि मला मोकळा करा."

मधे मीच तोंड घातलं. राहवेना ना मला! म्हटलं, देव काय पांगळा आहे का? नळकांडं देवाकडे जात नाही तर देवाचं कुंकू नळकांड्याकडे जाईल. मी जाते तबक घेऊन. तसं ठरलं. हुकाशेजारी भिंतीवर कुंकू, बोर्डाच्या चित्राला गंध नाही, नळकांड्याच्या दाब दाखवणाऱ्या काट्याला नाही, पिनेला माळ नाही. आणि कापूर शेडच्या बाहेर, फाटकापाशीच. दारावर पेटत्या काडीचा लाल गोल, आडव्या रेघेचा, होताच.

नवमीला मी नऊही बोर्डांखाली कुंकू लावत फिरले. हे माझ्यामागे. प्रत्येक बोर्डाखाली मला हातानं थांबवायचे, "जरा थांब, त्याला बाजूला होऊ दे." माझ्या अंगावर काटा यायचा. तरी मी थांबायचे. काय करणार?

शेवटी कोहळा फोडायचा. कोहळ्यावर कापूर पेटवतात, वास्तूवरून दृष्ट काढतात आणि आपटतात. फाटकापाशी फोडायचं ठरलेलं. पण सुंदरला वीस वर्षांची सवय! तो ओवाळत ओवाळत शेडच्या दाराशी गेला आणि त्या लाल गोलाच्या बरोब्बर खाली त्यानं कोहळा आपटला. पेटता कापूर उडाला तो भुशात. भस्सकन आवाज झाला आणि कोपऱ्यातल्या गासडीनं पेट घेतला.

मी किंचाळले. माणसं अंगणात पळाली. हे मात्र शेडच्या दारात खांबासारखे उभे, डोळे समोरच्या लाल बोर्डावर. धूर पसरत होता. मी दंड धरून ओढते, पण जागचे हलत नाहीत.

"हूक रिकामा आहे, चंद्रमती," ते म्हणाले. "पुन्हा रिकामा आहे."

मी बघितलं. खरंच रिकामा होता. खाली माझं ओलं कुंकू तेवढं. म्हटलं, कोणी नेलं? कोण मेला पूजेला घेऊन गेला?

"मी घेतलं, अण्णा."

डाव्या हाताला अखिला होती. पाठ दाराकडे, वर हिरवा बोर्ड, नळकांडं तिच्या हातात. पिन काढून दातात धरलेली. जाळाच्या मुळाशी पांढरी पूड मारत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, यांनी शिकवलेलं तसंच. ज्वाळा बसल्यावर तिनं पिन थुंकली आणि सुंदरवर ओरडली, "बघतोस काय? गासडी बाहेर ओढ, फोड आणि पाणी घाल. काथ्या आतून जळत राहतो!"

पाणी पडलं, वाफ आली, धूर निवला. एका गासडीवर भागलं. सुंदर खाली बसून रडत होता. अमरसिंहराव पायातल्या चपला काढून नुसते उभे राहिले.

हे अजून त्या हुकासमोरच होते. अखिला आली आणि तिनं रिकामं नळकांडं त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं. "रिकामाच असणार ना हूक," ती म्हणाली. "त्यातलं वापरलंय मी. बोर्ड खरा होता, अण्णा."

तेव्हा हे रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी रडू दिलं. मग डोळे पुसून स्टोअरमध्ये गेले, राखीव नळकांडं आणलं, काटा हिरव्यावर आहे का बघितलं, हुकाला अडकवलं. तोवर कोणालाही चुरमुरे वाटू दिले नाहीत.

बसनं घरी येताना मी विचारलंच. "अहो, दिसला का आज तो? बोर्डाखाली?"

ते खिडकीबाहेर बघत होते. कालव्याला पाणी सोडलेलं होतं.

"दिसला," म्हणाले. "पण हात खाली होता."