पीपी नंबर

स्कूटरच्या कर्जाच्या अर्जावर मी शेजारच्या काकूंचा फोन नंबर दिला होता, पुढे ‘पीपी’ लिहून. डोंबिवलीत तेव्हा ज्यांच्या घरी फोन नव्हता, ते सगळे असंच करायचे. माझी कंपनी बंद पडली, तीन हप्ते थकले, आणि बँकेचे वसुलीवाले दिवसातून दहादा काकूंना फोन करून माझ्या नावानं शिव्या घालू लागले.

मी दोनदा बँकेत जाऊन भांडलो. साहेब नुसती मान हलवायचे. शेवटी ठाण्याच्या कोर्टातले एक वकील माझ्यावरच खेकसले, “तोंडी तक्रारीला कोण विचारतं? पैसे मागायचा त्यांना हक्क आहे, शेजाऱ्यांना छळायचा नाही. प्रत्येक फोनची तारीख-वेळ टाकून मॅनेजरला लेखी द्या, आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. तरी दाद दिली नाही, तर तोच कागद घेऊन बँकिंग लोकपालाकडे जा.”

शिक्का घेतला. आठवड्यात फोन थांबले.

पण तोवर माझं नाव ऐकताच रिसीव्हर आपटायची काकूंना सवय लागली होती. गावाहून भावाचा फोन आला, तोही त्यांनी तसाच आपटला. आई गेल्याचं मला चौथ्या दिवशी पत्रानं कळलं.