धुऱ्याकडची ओळ

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला दर शनिवारी जर्नल क्लब असतो. एकानं एक शोधनिबंध घ्यायचा, पाच मिनिटांत त्याची ताकद, त्याच्या उणिवा आणि शेवटी निकाल सांगायचा. प्रेझेंटेशन हिंदीत, भांडण मराठीत. निकालाची आमची रीत ठरलेली: 'घरच्या बगिच्यात हे फवारशील का?' बहुतेकांच्या घरी संत्रीच आहेत.

मला सरांनी दिलेला निबंध संत्र्याची फळगळ थांबवणाऱ्या फवाऱ्यावरचा होता. माझा स्वतःचा प्रकल्प त्याच्यावरूनच बेतलेला. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याच्या फळांची, माझी मोजणी झाली होती, प्रकरण लिहून झालं होतं. म्हणजे कौतुक करायचं आणि बसायचं.

तयारी करताना झाडांचा नकाशा पाहिला आणि पुन्हा पाहिला. फवारलेली सगळी झाडं धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, एकाच ओळीत, न फवारलेली बगिच्याच्या मधात. धुऱ्याला ऊन जास्त, वारा जास्त. फळं टिकली ती फवाऱ्यानं की जागेनं, कसं सांगणार? माझीही झाडं धुऱ्याचीच होती. आमच्याकडे बाप पोरीला प्रयोगाला धुराच देतो. मधातली झाडं म्हणजे घरची मिळकत.

गप्प बसावं असं फार वाटलं.

शनिवारी उभी राहिले. ताकद सांगितली: प्रश्न कामाचा, गळ दर आठवड्याला मोजलेली, फवाऱ्याचं प्रमाण कुणीही पुन्हा करून पाहील इतकं स्पष्ट. मग उणिवा. जागेची सांगितली. दुसरी, हजारो फळं मोजली म्हणून नमुना मोठा दाखवलाय, पण फवारा झाडाला दिला, फळाला नाही. म्हणजे नमुना झाडांचा, आणि झाडं तर मूठभर. निकाल: मोजायची पद्धत घ्यावी, निष्कर्ष घेऊ नये. घरी फवारणार नाही.

सरांच्या मोबाइलवर पाच मिनिटांची घंटी वाजली. त्यांनी ती बंद केली.

"आणि तुझा प्रकल्प?"

"त्याचाही निष्कर्ष घेऊ नये, सर." मला स्वतःचाच राग आला होता.

सर म्हणाले, "थंडी सरताना आंबिया बहर यायचा आहे. या वेळी कुठल्या झाडाला फवारा द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरव." वर्गानं टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारणीनं पाण्याची बाटली पुढे केली.

सौंसरच्या बसनं घरी आले. बाबा गोठ्यात होते.

"कसं झालं व?"

"बोलण्यात पास. प्रयोगात नापास. आता मधातली झाडं पाह्यजेत, बाबा. अर्ध्यांवर फवारा, अर्ध्यांवर काहीच नाही."

"फवारा मार म्हणतो मी. पण अर्ध्यायले उपाशी काऊन ठेवून राहिली?"

"त्याबिगर फरक समजत नाही."

बाबा बराच वेळ बैलाची पाठ खाजवत राहिले. माझं वर्ष त्यांच्या हातात होतं आणि ते बैलाशी बोलत होते.

"घे मधातली," ते शेवटी म्हणाले. "पण चिठ्ठ्या मी काढतो."

"चालते. डोळे मिटून."