चहाच्या आधीचा नकार

माझ्या आईनं अकोल्याच्या घरात वकिलाचा संसार केला. पक्षकार यायचे, आई आतून चहा पाठवायची, आणि चहा घेता घेता वडील नको ते खटले अंगावर घ्यायचे. मग चिडचिड घरात आमच्यावर. वडिलांना बदलणं आईला कधी जमलं नाही, पण मला तिनं एक गोष्ट बजावून ठेवली होती. "नाई म्हणाचं असन तर चहाच्या आंधी म्हण. चहा पोटात गेल्यावर नाई निघत नाई." लग्न होऊन मी अमरावतीला आले, मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले, आणि हे साफ विसरून गेले.

साठ सालानंतरची गोष्ट. तोवर आमच्या शाळेत मॅट्रिकच्या मुली बीजगणित-भूमितीच्या वाटेला जात नसत. त्यांच्यासाठी गृहशास्त्र होतं. मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, मागे लागून लागून बीजगणित-भूमिती हा विषय मिळवला. त्यांनी तो एका वर्षापुरता दिला. निकाल चांगला लागला तर पुढे चालू, नाहीतर बंद. मूठभर मुलींनी विषय घेतला. खालच्या वर्गांत त्यांचा बीजगणिताचा पाया कोणी घातलाच नव्हता, म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांना तासभर थांबवून घ्यायची. सकाळी त्यांना पाणी भरायचं असे, पोळ्या लाटायच्या असत. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असे. मधला तो तास तेवढा आमचा होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मधल्या सुट्टीत शिवणाच्या बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्याहून वयानं मोठ्या, घर वलगावचं, शेती भरपूर, आवाज त्याहून भरपूर. दर वर्षी गॅदरिंगचं नाटक त्यांच्याकडे असे. आदल्या वर्षी मी त्यांना मदत केली होती आणि नाटक छान झालं होतं. त्यांनी स्वतःच्या थर्मासातला चहा मला ओतून दिला. मी प्याले. मग त्या म्हणाल्या, "बाई, औंदा नाटक तुमीच बसवा. कापसाची वेचणी सुरू झाली, सासूबाई अंथरुणाले खिळल्या. मले शाळा सुटली का वलगावची मोटार पकडा लागते. अन् तुमच्यासारखं नाटक कोनाले बसवता येते?"

त्यांची अडचण खरी होती. शिवाय शेवटचं वाक्य मला गोड लागलं, हेही सांगून टाकते. मी म्हणाले, "पाहते."

आता 'पाहते' हा शब्द पुण्यात नकारासाठी वापरतात म्हणे. समोरचा समजून घेतो आणि पुन्हा विचारत नाही. वऱ्हाडात 'पाहते' म्हणजे काम झालं. मी जन्मानं वऱ्हाडी, मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवून शाबासकी दिली. "गणित सांभाळून नाटकही बसवताय, कमाल आहे तुमची." नाटकाच्या तालमी कधी असतात? शाळा सुटल्यावर. त्याच तासाला.

घरी येऊन मी जेवलेच नाही. माझ्या सासूबाई मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव सांग. म्हणावं, सासूचे गुडघे धरले, घरी लवकर जावं लागतं." पण सासूबाई रोज संध्याकाळी देवीच्या देवळात तरातरा चालत जायच्या, आणि अर्धी अमरावती त्यांना तिथं भेटायची. खोटं एक दिवससुद्धा टिकलं नसतं. आणि खोटं बोलायचं कशाला? माझ्याकडे काम होतं, आणि ते मी मागून घेतलं होतं. त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं.

आमच्या शाळेत हिंदीच्या बाई नव्यानं आल्या होत्या. कॉलेजात नाटकांतून कामं केलेल्या, पण नव्या म्हणून त्यांना कोणी काही विचारत नसे. मी आधी त्यांना विचारलं. हो म्हणायचा आग्रह केला नाही, नुसतं विचारलं. त्यांचा चेहरा एवढा खुलला की पुढचं बोलायची गरज उरली नाही.

रविवारी मी मोटारीनं वलगावला गेले. शाळेत, चार जणींदेखत त्यांना नाही म्हणणं मला पटेना. त्यांच्या ओसरीवर कापसाचा ढीग पडला होता आणि त्या वेचणाऱ्या बायांशी हुज्जत घालत होत्या. मला पाहून त्या हरखल्या आणि आत ओरडल्या, "चहा ठेवा वं."

"चहा मग," मी म्हणाले. "आधी माझं ऐका. नाटक मला जमणार नाही. त्या दिवशी 'पाहते' म्हणाले, तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही माझ्या भरवशावर राहिलात, ती चूक माझी."

त्यांचा चेहरा उतरला. "काहून? माह्यावर राग हाये का?"

"राग कसला. तुमच्यामुळं तर मी नाटक शिकले. पण शाळा सुटल्यावरचा तास माझ्या मॅट्रिकच्या मुलींचा आहे. दुसरा तास त्यांना नाही. तो मोडला तर मुली नापास होतील, आणि मग या शाळेत कुठल्याच मुलीला बीजगणित मिळणार नाही."

"हप्त्यातून दोन दिवस तरी?"

इथं मी पुन्हा 'पाहते' म्हणणार होते. जीभ वळलीच होती. आईची आठवण झाली. "नाही," मी म्हणाले. "एकही दिवस नाही. पण हिंदीच्या बाई आनंदानं नाटक बसवतील, मी त्यांना विचारलंय. तुम्हाला पटलं तर मोठ्या बाईंना मीच सांगते. आणि गॅदरिंगच्या दिवशी विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला मी बसेन. तेवढं माझ्याकडं."

त्यांनी ढिगातला कापूस जरा चिवडला. मग म्हणाल्या, "तुमी लय कडक हा बाई." आणि आत हाक दिली, "आना वं चहा." तो चहा मी दोन कप प्याले. आमच्यात काही बिनसलं नाही, आणि ते मी नुसतं 'नाही' म्हणाले म्हणून नव्हे, त्यांच्या दारात जाऊन म्हणाले म्हणून, असं मला आजही वाटतं.

नाटक हिंदीच्या बाईंनी आमच्याहून सरस बसवलं. मी कबूल केल्याप्रमाणे विंगेत बसले. बाकी सगळे दिवस तो तास झाला. मोठ्या बाईंनीही त्या तासाला मला कधी दुसरं काम सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. माझी एकही मुलगी गणितात गेली नाही. मी वर्गात एकटी जाऊन फळा पुसला, काही लिहिलेलं नव्हतं तरी पुसला. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता. विषय कायम झाला.

शाळा उघडली त्या आठवड्यात शिवणाच्या बाई मधल्या सुट्टीत आल्या. हातात थर्मास होता, पण झाकण काही उघडेनात.

"चहा मंग," त्या म्हणाल्या. "आंधी इचारतो. माही पोट्टी औंदा अकरावीत, मॅट्रिकले आली. तिले तुमच्या बीजगनितात बसाचं हाये. मांगचं काहीच येत नाई तिले, तुमच्यावर काम वाढन. नाई म्हनाचं असन तर आताच म्हना, मले वाईट वाटनार नाई."

मी माझा कप पुढे केला. "ओता," मी म्हणाले.