होकार मागे घेताना

रामनगरच्या शाळेत संस्कृत शिकवायची नोकरी मी लेखी स्वीकारली होती. रुजू व्हायला आठ दिवस उरले असताना दिल्लीच्या एका कॉलेजातून नेमणुकीचं पत्र आलं. तिथली जागा कायमची होती, रामनगरला मात्र वर्षाचा करार. तरी मला आनंद होईना, कारण शाळेच्या प्राचार्या बाबांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या आणि दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी त्यांचं नेहमी येणं-जाणं होतं.

"शब्द दिलायस ना?" बाबा एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. शेवटी मी प्राचार्यांना फोन केला. दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली आहे, म्हणून रुजू होऊ शकणार नाही, असं सांगून माफी मागितली.

"आजच ईमेल कर, बेटा," त्या नेहमीच्या हिंदीत म्हणाल्या, "म्हणजे यादीतल्या पुढच्या उमेदवाराला लगेच बोलावता येईल."

मी लगेच केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्या बाबांना भेटायला आल्या, माझं मनापासून अभिनंदन केलं, आणि हातात चहाचा ट्रे घेऊन मी दारातच खिळून उभी राहिले.