बावीस दिवसांची बंदी

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना शंकाताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे शंकाताई. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. सरकारी दवाखान्याच्या इमारतींची कामं आमच्याकडे. छत गळतंय, वायरिंग जुनं झालंय, लिफ्ट बंद पडली, असं काहीही असलं की निविदा निघायची. कंपन्या अर्ज भरायच्या, आणि कुठलाही अर्ज पुढे सरकण्याआधी ताईंच्या टेबलावरून जायचा. सरकारनं कुणाकुणाला काळ्या यादीत टाकलंय, कुणावर किती दिवसांची बंदी आहे, हे तपासायचं काम त्यांचं. तीस वर्षं तेच केलं.

त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी, मोठे गमत्ये. म्हणायचे, "लग्नाआधी हिनं माझं नाव सुद्धा कुठल्यातरी यादीत शोधलं असणार. सापडलं नाही म्हणून मी पात्र ठरलो." ताई शांतपणे म्हणायच्या, "तेव्हा याद्या कागदावर होत्या. नीट शोधता आलं नाही."

औषधाची पट्टी हातात आली की त्या आधी तारीख बघणार. भाजीवाल्याला दिलेली पिशवी परत घेताना पिशवी आपलीच आहे ना हे बघणार. मला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा यायचा, हे कबूल करतो. मी त्या ऑफिसात इंजिनिअर. मला लोखंड, सिमेंट, मोटर यांत रस. एखादं नाव यादीत आहे की नाही एवढं बघायला माणूस अख्खा दिवस का घालवतो, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरी नवी असताना त्यांनी एका कंपनीला बाद केलं होतं. यादीत तंतोतंत तेच नाव होतं. दोन महिन्यांनी कळलं की त्या नावाच्या दोन कंपन्या होत्या. बंदी दुसरीवर होती. "नावं काय, कुणीही ठेवतं," त्या म्हणाल्या. "नोंदणी क्रमांक बघायला हवा होता. मी बघितला नाही." त्या कंपनीचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून त्यांची पद्धत पक्की. नाव आहेच, पण त्याबरोबर नोंदणी क्रमांक, कर क्रमांक, मालक आणि भागीदारांची नावं, ऑफिसचा पत्ता, सगळं शोधायचं. नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघायचं. कारण बंदी आलेली माणसं बायकोच्या नावानं, मेव्हण्याच्या नावानं नवी पाटी लावून परत येतात, आणि पत्ता मात्र बदलायला विसरतात. अशा पाच-सहा जणांना ताईंनी नुसत्या पत्त्यावरून पकडलं होतं. शोधून झालं की पानाची प्रत काढायची, तिच्यावर तारीख, वेळ आणि सही. काम द्यायच्या दिवशी हे सगळं पुन्हा करायचं, कारण मधल्या दिवसांत कुणाचं नाव यादीत चढलेलं असू शकतं.

आता लिफ्टवाल्यांकडे येतो.

दवाखान्याच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट बदलायची होती. अर्ज पाच आले. त्यातला एक एका छोट्या कंपनीचा. बाप लिफ्टचा मिस्त्री, मुलगी लिफ्टचीच इंजिनिअर, दोघांची भागीदारी. हे नाव मला चांगलं आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी याच बापानं अनुभवाचा खोटा दाखला जोडला होता. ज्या इमारतीत लिफ्ट बसवली म्हणून लिहिलं होतं, त्या इमारतीला दोनच मजले आणि लिफ्ट नाहीच, हे ताईंनी स्वतः जाऊन बघितलं होतं. ताईंच्याच टिपणावरून मुख्य कार्यालयानं त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी घातली.

ताईंच्या आधी मीच संगणकावर त्यांचा नोंदणी क्रमांक टाकला. लाल अक्षरं आली. बंदी चालू, महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत. अर्ज भरायची शेवटची तारीख होती पंधरा. मी लगेच अर्जावर पेन्सिलीनं "अपात्र" लिहिलं आणि चहाला निघालो.

खरं तर त्या अर्जाबरोबर एक पत्र होतं. मुलीनं लिहिलेलं. निविदेत पत्र कोण लिहितं हो? पण लिहिलं होतं. आमच्यावर बंदी होती हे आम्ही लपवत नाही, आदेशाप्रमाणे ती या महिन्याच्या तीन तारखेला संपली. नव्या नावानं कंपनी काढा असं पुष्कळांनी सुचवलं, आम्ही काढली नाही. तीन वर्षं कुठेही अर्ज भरला नाही. आणि शेवटी, "काम दर बघून ज्याला द्यायचं त्याला द्या. पण आमचा दरांचा लिफाफा उघडला जावा एवढीच इच्छा आहे."

मला हसू आलं. तीन तारीख म्हणे. यादी पंचवीस सांगत होती.

चहाहून आलो तर माझं "अपात्र" खोडरबरानं साफ झालेलं.

"ताई, हे काय?"

"आदेश बघितला का?"

"यादी बघितली की."

"यादी म्हणजे आदेश नव्हे," त्या म्हणाल्या. "यादी कुणीतरी टाइप केलेली असते."

मी वैतागलो. म्हटलं, तुम्हीच तर पकडलं होतं ह्यांना. आता तुम्हीच वकिली करताय? बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील?

त्यांनी चष्मा काढला. तो काढला की त्या रागावल्यात असं समजायचं. "मी पकडलं म्हणूनच मला बघायला पाहिजे. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. त्याच्यावर एक दिवस जास्त झाला तर ती शिक्षा मुख्य कार्यालयानं दिलेली नाही, आपण दिलेली असते."

कपाटातून त्यांनी जुनी फाइल काढली. आदेशाची प्रत होती. आदेशाच्या तारखेपासून तीन वर्षं, असं स्वच्छ लिहिलेलं. आदेश चार तारखेचा. म्हणजे मुलगी म्हणत होती तेच खरं, बंदी तीन तारखेला संपत होती. मग पंचवीस कुठून आली?

मी म्हटलं, झालं तर मग, प्रत जोडा आणि पुढे चला. ताई म्हणाल्या, असं कसं? मध्ये बंदी वाढवायचा दुसरा आदेश निघाला असेल तर? माझ्याकडची प्रत जुनी आहे. आणि मुख्य कार्यालयात जायला त्यांनी पर्स उचलली. मी बघतच राहिलो.

मी जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो, तर तिथे ती पत्र लिहिणारी मुलगी भेटली. हातात हेल्मेट, चेहरा उतरलेला. यादी तिनंही बघितली असणार. "मॅडम, दोनच मिनिटं," ती म्हणाली.

"अर्ज तपासणीत आहे. मला तुमच्याशी बोलता येणार नाही," ताई म्हणाल्या. "जे काही असेल ते आवक-जावकच्या टेबलावर लेखी द्या."

मुलगी बाजूला झाली. ताई दहा पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता वळून काहीतरी सांगतील पोरीला. त्या वळल्या नाहीत. कठड्याला धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग खाली गेल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर उरलेल्या चारांपैकी कुणीतरी त्यावर बोट ठेवलं असतं, आणि मग त्या मुलीचा लिफाफा उघडूनही उघडल्यासारखा झाला नसता.

मुख्य कार्यालयात यादी सांभाळणारा कारकून भला माणूस. त्यानं आदेशांचं रजिस्टर काढलं. मुदतवाढीचा आदेश नव्हता. मग संगणक उघडला आणि डोक्याला हात लावला. नोंद भरताना "बंदी सुरू" या रकान्यात संगणक आपोआप त्या दिवसाची तारीख घालतो. ती खोडून आदेशाची तारीख घालायची असते. आदेश चारचा, पण नोंद भरली गेली सव्वीसला. सुरुवातीची तारीख कुणी बदललीच नाही. तिथून तीन वर्षं मोजून पंचवीस.

"चुकून राहिलं, ताई. दुरुस्त करतो लगेच."

"करा. पण मला अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र पण द्या. नुसतं तोंडी नको." आणि मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"या यादीत अजून माणसं आहेत ना?"

कारकुनानं म्हणे रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं. पुढच्या आठवड्यात त्यानं सगळ्या नोंदी आदेशांशी ताडून बघितल्या. एकतीस ठिकाणी तारीख चुकली होती. ह्याची बातमी कुठे आली नाही, येणारही नव्हती. एकतीस घरांमध्ये कुणाला कळलंही नसेल.

पत्र आलं. निविदा समितीपुढे ठेवलं. मोठे साहेब थोडे कुरकुरले, मग त्यांनी सही केली. पाचही अर्ज पात्र ठरले आणि दरांचे लिफाफे उघडले. बाप-लेकीची कंपनी दरात दुसरी आली. काम पहिल्या कंपनीला गेलं. मला आत कुठेतरी लागलं, खोटं कशाला बोलू. ताईंना म्हटलं, एवढं करून काय मिळालं? त्या पहिल्या कंपनीची पुन्हा तपासणी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काम मिळवून द्यायचं माझं कामच नव्हतं."

निकाल लागल्यावर चारेक दिवसांनी एक म्हातारासा माणूस दारात उभा राहिला. हात काळवंडलेले, शर्ट इस्त्रीचा. मी ओळखलं, तोच बाप. आत यायला तयार होईना. ताईंनीच खुर्ची पुढे केली.

"भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा केलंत ते बरोबर होतं. मला एकदा ती यादी बघायची होती फक्त. बंदी होती तोवर रोज सकाळी फोनवर उघडून बघायचो. लाल असायचं. चार तारखेला उघडलं तर परत लालच. त्यानंतर उघडायची हिंमत नाही झाली."

ताईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि नोंदणी क्रमांक टाकला. "बंदी चालू असल्याची एकही नोंद आढळली नाही" असं आलं.

"माझं नाव घालून बघा."

घातलं. तेच आलं.

"पोरीचं?"

तेही घातलं. तो पडद्याजवळ वाकून, ओठ हलवत प्रत्येक अक्षर वाचत होता. मी उगाच फाइल चाळायला लागलो. ताईंचे डोळे भरले होते. पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"फोटो काढा ना," त्या म्हणाल्या. "हे पान सगळ्यांसाठी उघडंच असतं. घरी मुलीला दाखवा."

"तिनं बघितलंय," तो म्हणाला. "तिनंच पाठवलंय मला. म्हणाली, बाबा, मी सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही. ज्यांनी पकडलं होतं, त्यांच्याकडूनच बघून या."