उभ्या फोनात लीलाबाईंची जागा

आम्रपाली बनसोडे रागावली की आधी फूटपट्टी शोधते. सांगलीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ती राहायला आली त्याला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत तिचा चढलेला आवाज मी एकदाच ऐकला आहे. त्या दिवशीची गोष्ट लिहिते, कारण त्या दिवशी माझाही आवाज चढला होता आणि अजून पुरता उतरलेला नाही.

ती मूळची पाटणच्या वरच्या अंगाची. वडील रस्त्याच्या कामावर, काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काकांच्या डब्यातला उरलेला रंग हीच तिची पहिली शाळा. पुढे सांगलीत चित्रकलेची पदविका घेतली आणि आठ वर्षं एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसली. आता घरीच काम करते. नवरा, महेंद्र, पोस्टात आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचा भला मोठा पडदा. ती फोटोवरून हुबेहूब चित्र काढत नाही. जाड रेषा, सपाट चार-पाच रंग, नाकाच्या जागी एक वळण. तरी माणूस बघता क्षणी ओळखू येतो.

माधवनगरला पूर्वी एक छात्रालय होतं. जत, आटपाडीकडची मुलं तिथं राहून शिकायची. आमचे हे त्यातलेच. छात्रालय चालवलं नाना गुरुजींनी. ते जाऊन आता बारा वर्षं झाली. आणि तिथं एकतीस वर्षं स्वयंपाक केला लीलाबाईंनी. त्या आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या, भाचीकडे राहतात. जुन्या मुलांचा मेळावा ठरला तेव्हा व्यासपीठामागच्या वीस बाय दहा फुटी फ्लेक्सचं चित्र आम्रपालीकडे आलं, ते माझ्याच सांगण्यावरून.

त्या चित्रासाठी ती दोन दुपारी लीलाबाईंकडे जाऊन बसली होती. मीही गेले होते. म्हातारीनं आधी तिलाच तपासून घेतलं.

"कवाधरनं काढतीस चित्रं?"

"लहानपणापासून, मावशी."

"मग माजं काय काढणार हायस? हनुवटीवरची ती तीन टिकलं गोंदण काढ. पोरं त्येच्यावरनंच वळखायची. अंधारात भाकरी मागायची न्हाईत, म्हनायची, आदी टिकलं दाव."

चित्र झालं ते असं: उजवीकडे खुर्चीवर गुरुजी, डावीकडे चुलीपुढे लीलाबाई, हात लांब करून पार गुरुजींजवळच्या मुलांना भाकरी देणाऱ्या, आणि मधे ताटं घेऊन बसलेल्या मुलांची रांग. लीलाबाईंच्या हनुवटीवर तीन ठिपके. समितीनं वाखाणलं. समितीचे अध्यक्ष हंबीरराव, तेही छात्रालयातलेच, लष्करातून सुभेदार होऊन आलेले, स्वतः तिच्या घरी येऊन नारळ देऊन गेले.

नंतर मेळाव्याआधी आठ दिवस आमच्या ह्यांच्या फोनवर, तीनशे चाळीस माणसांच्या ग्रुपवर, हंबीररावांचा संदेश आला. 'सर्वांनी हा वॉलपेपर आपल्या मोबाईलवर लावावा.' खाली चित्र.

मी बघितलं आणि कळेना, काय खटकतंय. मधोमध गुरुजी, एकटे, फोनभर. बाजूला ताट घेतलेली दोन मुलं. आणि पडद्याच्या डाव्या कडेतून आत आलेला एक हात. हातात भाकरी. हाताला कोपर नाही, खांदा नाही, चेहरा नाही. खाली नीट टाईप केलेलं: चित्र - आम्रपाली बनसोडे.

त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग. सव्वाशे माणसांनी ते लावल्याचं कळवूनही टाकलं होतं. वर्षानुवर्षं त्या हातचं खाल्लेल्यांपैकी एकानंही विचारलं नाही, की हा हात कुणाचा.

मी फोन घेऊन शेजारी गेले. आम्रपालीनं बघितलं. फूटपट्टी काढली, फोनच्या पडद्याला लावली, मग कागदावर आकडे मांडले.

"वहिनी, चित्र वीस बाय दहा. हा फोन नऊ बाय वीस. उंची सारखी धरून कापलं, तर रुंदीतला चौथा हिस्साही उरत नाही. तो चौथा हिस्सा त्यांनी गुरुजींवर नेऊन ठेवला. ओढूनताणून मुलं घेतली आणि मावशींचा हात चुकून राहिला."

"चुकून?"

"हो. हातसुद्धा ठेवायचा नव्हता." आणि मग तिचा आवाज चढला. "आणि वर माझं नाव घातलंय."

आम्ही दोघी हंबीररावांकडे गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. चहा सांगितला. ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, आणि ते शांतपणच मला झोंबलं.

"आवं बाई, फोन उभा, चित्र आडवं. कुणाला तरी भायेर जावंच लागनार."

"मग त्याच का?" मी विचारलं.

"आता गुरुजीस्नी काढू का?"

"कुणालाच काढायची गरज नाही," आम्रपाली म्हणाली. "आडव्यात रुंदी आहे, उभ्यात उंची आहे. कॉम्प्युटरवर माणसं वेगवेगळ्या थरांवर काढलीत, हलवता येतात. मला विचारलं असतं तर मी नवीन मांडून दिलं असतं."

"मांडा की मग. पर गुरुजी वर. सगळ्यात वर. मोठे." त्यांनी हवेत हात उंच करून दाखवलं. "बाकीचे खाली."

तिच्या चेहऱ्यावर मला ती फ्लेक्सच्या दुकानातली आठ वर्षं दिसली. आपल्याकडच्या फ्लेक्सचा कायदा लिहिलेला नसला तरी पोरासोरांना पाठ आहे: ज्याचा मान मोठा त्याचं तोंड मोठं आणि वर, मग उतरत उतरत शेवटच्या ओळीत टिकलीएवढे शुभेच्छुक. त्या उतरंडीवरून तिनं भांडणं पाहिली होती, रातोरात फ्लेक्स बदललेले पाहिले होते. आणि त्या शुभेच्छुकांतही स्वयंपाकीण कधी नसते.

मी वाद घालणार होते. ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं करून आणते." जिन्यात मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "वहिनी, माझं ऐकणार नाहीत. फोनचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तसंच करून नेलं. गुरुजी सगळ्यात वर, मोठे. हंबीररावांच्याच फोनवर लावलं, पडदा विझवला, आणि त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "उघडा."

त्यांनी बटण दाबलं. गुरुजींच्या डोळ्यांवरून, ह्या कानापासून त्या कानापर्यंत, पांढरे ठळक आकडे आले. दहा बेचाळीस. वर कपाळपट्टीसारखा वार आणि तारीख.

हंबीररावांनी फोन जरा लांब धरला. "हे घड्याळ काढता येत न्हाई?"

"फोन तिथंच दाखवतो."

"मग गुरुजी जरा खाली घ्या."

"किती?"

"घड्याळाच्या खाली."

"म्हणजे इथं." तिनं बोट ठेवलं. "आणि सगळ्यात खाली फोन करायची, मेसेजची चिन्हं येतात. तिथंही चेहरा नको. शिवाय जुने फोन बुटके असतात, त्यांच्यावर हेच चित्र वरनं आणि खालनं कापलं जातं. काही फोन चित्र थोडं मोठं करून घेतात, मग बाजूही जातात. सगळं वजा केलं की चेहरे ठेवायला मधला एवढाच पट्टा उरतो. गुरुजी तिथं येतात. मावशीही तिथंच येतात."

"शेजारी?"

"शेजारी."

त्यांनी फोन विझवून मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "लोक काय म्हनतील?"

इथं मला राहवलं नाही. म्हटलं, "लोकांना सांगा, तुम्ही पोटभर जेवला होता म्हणून सुभेदार झालात." ते माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं." परवानगी दिल्यासारखं म्हणाले, ह्याचा मला आजही राग आहे.

पुढचे तीन दिवस ती त्या मांडणीत होती. थर हलवता येतात म्हणणं सोपं. मूळ चित्रात खुर्चीचे पाय मुलांच्या मागे होते म्हणून काढलेच नव्हते. ते आता काढावे लागले. लीलाबाईंचा गुडघा ताटाआड होता, तोही नव्यानं. गुरुजी किंचित मागे, लीलाबाई किंचित पुढे, खांद्यानं खांदा जरासा झाकलेला, दोघांचे चेहरे सारखेच मोठे. वर नुसती कौलं आणि चुलीचा धूर, म्हणजे घड्याळ धुरात पडेल. खाली मुलांची रांग अर्धगोल करून, ताटं आणि पाय चिन्हांखाली झाकले तरी चालतील अशी. कडेला दोन्हीकडे मोकळी भिंत. बुटक्या फोनाचं वेगळं, टॅबचं वेगळं. टॅब रुंद म्हणून तिथं भिंत वाढवली, माणसांना ताणलं नाही. ताणलं की चेहरे भोपळ्यासारखे होतात, ती म्हणाली.

तपासायला फोन हवे होते. मी गॅसच्या ओट्यावर सहा जमवले: माझा, ह्यांचा, महेंद्रचा, वरच्या मजल्यावरचे दोन, आणि इस्त्रीवाल्या बनुबाईंचा फुटक्या काचेचा. प्रत्येकावर ती लावून बघायची, विझवायची, पेटवायची. बनुबाईंच्या फोनला वर मधोमध कॅमेऱ्याचं भोक होतं. "ह्या भोकात काय गेलं?" त्यांनी विचारलं. "धूर गेला," आम्रपाली म्हणाली. "मग जाऊंदे."

सगळ्यात जास्त वेळ गेला सगळ्यात छोट्याला. लीलाबाईंकडे बटणांचा फोन, पडदा दोन बोटं रुंद. त्यावर मोठं चित्र नुसतं लहान करून टाकलं तेव्हा हनुवटीचे तीन ठिपके मिळून एक डाग झाला, दाढी राहिल्यासारखा. तिनं मुलं काढली, भिंत काढली, दोघांना छातीपर्यंतच ठेवलं, रेषा आणखी जाड केल्या आणि ठिपके एकमेकांपासून लांब नेऊन काढले. खरं तर हनुवटीच्या मानानं ते फार मोठे होते. पण दिसले.

दरम्यान तिनं हंबीररावांना ग्रुपवरचं जुनं चित्र काढून टाकायला सांगितलं. मुदत उलटून गेली होती, सगळ्यांच्या फोनवरनं ते आता निघत नव्हतं. त्यांनी एक ओळ टाकली: 'तांत्रिक कारणास्तव जुना वॉलपेपर वापरू नये.' तांत्रिक कारण! बाई कापली गेली, ह्याला आमच्याकडे तांत्रिक कारण म्हणतात. माफीचा शब्द नाही, लीलाबाईंचं नाव नाही.

आणि ओळ वाचून फोन बदलणारे कितीसे असणार. म्हणून मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाला लागून आम्ही दोघींनी दुसरं टेबल लावलं. येईल त्याचा फोन बघायचा, पडद्याचा आकार बघायचा, त्याप्रमाणे चित्र पाठवायचं आणि आमच्यासमोर लावून घ्यायचं.

लीलाबाई दहाला आल्या. भाचीनं त्यांचा फोन आमच्याकडे दिला. त्यातलं मेमरी कार्ड काढून आम्रपालीनं चित्र भरलं, लावलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी जाड भिंगातून बघितलं, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"नाक लय मोठं केलंस गं."

"बारक्या फोनात बारीक नाक दिसत नाही, मावशी."

"ह्ये शेजारी कोन, गुरुजी का?"

"हो."

"त्येंच्या शेजारी मी कवा बसले न्हाई," त्या म्हणाल्या, आणि फोन बटव्यात ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढून बघितला. मग आमच्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

दुपारपर्यंत दीडशेवर फोन झाले. कुणी आनंदानं दिले, कुणी घाईत. मग कडक इस्त्रीचा एकजण आला. कुठल्याशा बँकेतनं मॅनेजर म्हणून निवृत्त. त्याच्या फोनवर तो बिनचेहऱ्याचा हात होता. आम्रपालीनं नवीन दाखवलं.

तो म्हणाला, "राहू द्या. आधीचंच बरं आहे. गुरुजी मोठे दिसतात."

लीलाबाई तीन हातांवर बसल्या होत्या. ऐकू गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. पदर नीट केला.

"तुम्ही किती वर्षं होता इथं?" आम्रपालीनं विचारलं.

"सात."

"सात वर्षं दोन वेळ." तिनं टेबलावर हात पसरला, तळवा वर करून. "द्या फोन."

मागे रांग होती. तो एकदा तिच्या हाताकडे आणि एकदा खुर्चीवरच्या म्हातारीकडे बघत राहिला. मग त्यानं फोन दिला.