पाट जागचा हलला नाही

आमच्या ताईला रस्ते सापडत नाहीत. बाजारात एका दाराने आत शिरते, दुसऱ्या दाराने बाहेर पडते आणि मग मला फोन करते, "मी औषधांच्या दुकानासमोर उभी आहे. घर कुठल्या बाजूला रे?" अशा बाईने आखलेल्या वाटेने एक सबंध जहाज ध्रुवाकडे जातं, असं मी मित्रांना सांगतो, तेव्हा ते घाबरून विचारतात, जहाजावर असतं कोण? असतात आमचे भावोजी. कॅप्टन आहेत. घरातही ताईच्या शब्दाबाहेर जात नाहीत, त्यामुळे त्यांना सवय आहे.

आमची जहाज कंपनी लहान. मी खालच्या मजल्यावर जहाजात काय भरायचं ते बघतो आणि ताई वरच्या मजल्यावर बर्फ बघते. तिच्या खोलीत पडदे कायम ओढलेले, पंखा कुरकुरणारा, आणि भिंतभर नकाशा. उपग्रहाने काढलेली समुद्राची करडी-पांढरी चित्रं संगणकाच्या पडद्यावर लावून ती तासन्‌तास टक लावून बसते. आईला वाटायचं, ही ऑफिसात टीव्ही बघते.

एकदा आईने विचारलं होतं, "बर्फ म्हणजे पाणीच ना? मग एवढं जहाज त्याला घाबरतं कशाला?"

ताईने हातातली भाजी निवडता निवडता शिकवणी घेतली. समुद्रावर गोठतो तो बर्फ वेगळा आणि हिमनग वेगळा. हिमनग समुद्राचा नसतोच, तो जमिनीवरून आलेला पाहुणा. तिकडे बर्फ पडतो तो वितळत नाही. त्यावर दुसरा पडतो, तिसरा पडतो. शेकडो वर्षांच्या ओझ्याखाली खालचा दबतो, त्यातली हवा पिळून निघते आणि दगडासारखा बर्फ तयार होतो. तो स्वतःच्याच वजनाने हळूहळू समुद्राकडे सरकतो, पाण्यावर पसरतो, खालून-वरून भेगा पडतात, आणि एक दिवस मोठा तुकडा सुटून निघतो.

"आणि दिसतो त्याच्या कितीतरी पट पाण्याखाली असतो," ताई म्हणाली.

"म्हणजे तुझ्या भावासारखा," आई म्हणाली. "वर दिसतो तेवढाच कामाचा."

भावोजी मात्र जहाजाच्या जिवावर निर्धास्त असायचे. गोदीत जहाज कोरडं उभं होतं तेव्हा त्यांनी मला त्याच्या पोटाखाली नेलं होतं. पाण्याच्या रेषेजवळ पट्टाभर पोलाद नेहमीपेक्षा जाड, आतल्या फासळ्या जवळजवळ बसवलेल्या, आणि पोलादही असं की कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तडकू नये. भावोजींनी त्यावर थाप मारली. "बघ, छाती कशी आहे!"

मागून ताई म्हणाली, "ही छाती बर्फाच्या तरंगत्या लाद्या बाजूला सारायला दिली आहे. हिमनगाला धडकायला नाही. साधं जहाज लादीनेही फाटतं, हे लादीने फाटणार नाही, एवढाच फरक. बाकी वाट नीट धरायची."

"ऐकलंस?" भावोजी मला म्हणाले. "गोदीतसुद्धा वाट दाखवते. दार कुठे आहे ते सांग म्हणावं."

तर त्या मोसमात जहाज निघालं ते ध्रुवाजवळच्या संशोधन तळासाठी हिवाळ्याचं इंधन घेऊन. हिवाळा सुरू झाला की तिथला समुद्र बंद होतो. मग तळावरच्या माणसांना इंधन नाही म्हणजे उजेड नाही, ऊब नाही. इंधन पोचलं नाही तर तळ रिकामा करावा लागणार होता. आणि बर्फाची खोली ताईच्या हातात सोपवल्यानंतरची ही पहिलीच फेरी. तिच्या आधीचे वरिष्ठ निवृत्त झाले होते आणि कंपनीच्या साहेबांचा ताईवर अजून भरवसा बसला नव्हता.

तळापासून अलीकडे एक सपाट माथ्याचा अवाढव्य हिमनग होता. वरून अगदी जेवायला मांडलेल्या पाटासारखा, म्हणून ताई त्याला पाट म्हणायची. तिचं बघून जहाजावरही तेच नाव पडलं.

जहाज पाटाच्या अलीकडे असताना वारा फिरला. अंदाजापेक्षा लवकर आणि जास्त जोराने. समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागला आणि तरंगत्या लाद्यांनी जहाजाला चारी बाजूंनी घेरून अडकवून टाकलं. सकाळी मी मालाच्या कागदांवर सही घ्यायला वर गेलो, तर साहेब ताईच्या टेबलाशी उभे होते आणि फोनच्या भोंग्यातून भावोजींचा आवाज येत होता.

"पाट आमच्याकडे येतोय. वाऱ्याविरुद्ध. रडारवर त्याच्या चालीचा बाण स्पष्ट आहे."

"वाऱ्याविरुद्ध?" साहेबांनी ताईकडे पाहिलं.

आता इथेच खरी मेख होती. वाऱ्याविरुद्ध हिमनग चालला म्हटलं की तुम्ही-आम्ही हसू, पण त्या खोलीत कोणी हसलं नाही. लाद्यांचा बर्फ पातळ, तो वाऱ्यामागे धावतो. हिमनगाचं बूड खोल, त्याला खालचा प्रवाह ओढतो. वर वारा एकीकडे आणि हा लाद्या फोडत दुसरीकडे निघालेला, असं खरोखर होतं. ताईनेच दरवर्षी नव्या अधिकाऱ्यांना ते शिकवलेलं. शहाण्या माणसांनीच करावी अशी ही चूक होती.

"त्याच्यामागे मोकळं काळं पाणीही दिसतंय," भावोजी म्हणाले. "म्हणजे चाल धरली आहे त्याने. मी मागे वळून वाऱ्याच्या तोंडाकडे जहाज काढतो. धडका देत जावं लागेल."

साहेब म्हणाले, "काढा. माघारी या. तळाचं नंतर बघू."

नंतर म्हणजे पुढच्या वर्षी, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

ताई संगणकाकडे वळली. तिने पडद्यावर काल-परवाची चित्रं एकावर एक ठेवली. मग आज सकाळचं ठेवलं. पाटाचा एक कोपरा तुटका आहे. तो कोपरा प्रत्येक चित्रात त्याच जागी बसला, शिंप्याने टाक्यावर टाका घालावा तसा. मग तिने जहाजाकडून आपोआप येणाऱ्या जागा नकाशावर मांडल्या. ठिपके एका ओळीत पाटाकडे चालले होते.

"कॅप्टन, तुमचा बुडाखालचा वेगमापकाचा दांडा वर ओढलाय का?"

"हो. बर्फात मोडतो, म्हणून पहिल्याच दिवशी ओढला. नेहमीचं आहे."

"आणि रडारला आपला वेग कुठून मिळतो?"

तिकडे कोणीतरी खाकरलं.

"वेगमापकातूनच," भावोजी सावकाश म्हणाले.

"म्हणजे रडारला वाटतंय जहाज उभं आहे. मग जवळ येणारा जो असेल तो पाटच, असं त्याने ठरवलं. अहो!" ऑफिसात ती त्यांना कॅप्टनच म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा घरची हाक निसटली. "पाट जागचा हललेला नाही! तुम्ही सरकताय. लाद्यांसकट. तो खाली उथळ्यावर, समुद्रतळाच्या उंचवट्यावर, बूड टेकून बसलाय."

साहेब म्हणाले, "बाई, खात्री आहे?"

"नकाशात तिथे उथळा आहे साहेब. ह्याच्या उंचीवरून खाली जेवढा असायला हवा, साधारण तेवढ्याच खोलीचा. आणि ते मागचं मोकळं पाणी त्याने चालून केलेलं नाही. वाहत्या लाद्या त्याच्यावर अडतात, दोन्ही बाजूंनी निघून जातात, आणि आडोशाला जागा रिकामी राहते. नदीतल्या खडकामागे राहते तशी."

"मग मागे फिरू की नको?" भावोजींनी विचारलं. आता आवाजात चेष्टा नव्हती.

"मागे सगळ्यात दाबलेला बर्फ आहे, धडका देताना जहाजाचा मागचा पंखा मोडाल. वाऱ्याला आडवे, उजवीकडे निघा. डावीकडे उथळ्यावर लहान हिमनग अडकलेत. उजवीकडे पाणी खोल आहे आणि पाटाच्या खांद्यापाशी लाद्या सुट्या होतायत, सकाळच्या चित्रात काळ्या रेघा दिसतात. खांद्यावरून लांबून वळसा घ्या आणि आडोशात शिरा. ते पाणी थेट तळाच्या बाजूला जातं."

"बाकीचं जग हिमनगापासून लांब पळतं," साहेब म्हणाले, "आणि ही त्याच्या पाठीमागे जा म्हणते."

"लांबच राहायचं आहे. कडा कधीही कोसळते. आणि आडोशाच्या पाण्यात त्याचेच तुटलेले तुकडे तरंगत असतात, अर्धे बुडालेले. रडारला दिसत नाहीत. वेग कमी, पुढे डोळे." ती फोनकडे वळली. "शेवटी जहाज तुमचं आहे. ठरवायचं तुम्ही."

 साहेबांनी फोनचा आवाज वाढवला.

"रडारला आपला उपग्रहावरून मोजलेला वेग द्या रे," भावोजी तिकडे कोणालातरी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अगं, थांबला."

"कोण?"

"पाट. बाण गेला त्याचा. आणि आम्ही चाललोय त्याच्याकडे, चांगले ऐटीत. उजवीकडे निघतो."

पुढचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. सहीचे कागद हातातच घामेजले. ताई ठिपक्यांवर ठिपके मांडत होती. आधी ठिपके हट्टाने पाटाकडेच घसरत होते. आडवं जाण्यापेक्षा वाहून जाणंच जास्त. भावोजींचा आवाज मधूनच यायचा: लादी सरकली, लादी अडली, पोलादावर करकरली. जाड पट्ट्याने मुकाट मार खाल्ला. मग एक ठिपका जरा बाजूला पडला. पुढचा आणखी बाजूला. साहेब चष्मा पुसायचे, लावायचे, परत पुसायचे.

"खांद्यापाशी आलो," भोंगा म्हणाला. "लाद्या सुटतायत. भिंत डावीकडून जातेय... बापरे, केवढी आहे ही!"

"बघत बसू नका. लांब राहा."

"लांबच आहे गं."

आणि मग भोंग्यातून आधी जहाजावरच्या लोकांचा आरडाओरडा आला, शिट्ट्या आल्या, आणि सर्वांत शेवटी भावोजी. "काळं पाणी! पुढे सगळं काळं पाणी! तळाकडचा किनारा दिसतोय!"

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की ताईची पेन्सिल उडाली. मी ओरडलो ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणतात. ताई तेवढी शांत. तिने पेन्सिल उचलली, शेवटचा ठिपका मांडला, आणि मग खुर्चीत मागे रेलून इतकी मोठ्याने हसली की पंख्याची कुरकुर ऐकू येईना.

जहाज दुसऱ्या दिवशी तळाला लागलं. नळ जोडले, इंधन उतरू लागलं, आणि तळावरच्या माणसांनी धक्क्यावर नाचून घेतलं, त्याचं चित्र भावोजींनी पाठवलं. सोबत रडारचंही एक. त्यावर चिकटपट्टीने कागद लावला होता: 'कोण येतंय ते बघण्याआधी आपण किती सरकलो ते बघा.' साहेबांनी तो मजकूर कंपनीच्या प्रत्येक जहाजावर लावायचा हुकूम काढला आणि परतीच्या वाटेचा आराखडा, न बघता, ताईच्या एकटीच्या सहीने पाठवून दिला.

आईला मी फोनवर सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. "म्हणजे पाट बसला होता जागेवर, आणि जावईबापू म्हणत होते पाट आला?"

"हो."

"घरीही असंच. स्वतः फ्रिजपाशी येतात आणि म्हणतात लाडू समोर आला."

त्या संध्याकाळी ऑफिस सुटलं. ताई माझ्या पुढे, ताठ मानेने, विजयी सेनापतीसारखी पायऱ्या उतरली, फाटकाबाहेर पडली आणि डावीकडे वळली. घर उजवीकडे आहे. मी हाक मारणार होतो. पण म्हटलं, आज ती जाईल तिथे रस्ता निघेल, आणि मुकाट तिच्या मागे चालू लागलो.